ऑफर स्वीकारण्यापूर्वी कामाच्या वेळा आणि घरून कामाचे दिवस मागावेत का?

भरतीप्रमुख

गेल्या आठवड्यात लोअर परळच्या कार्यालयासाठी आम्ही बदलापूरच्या एका मुलीची निवड केली. पगार ठरला, वरून मंजुरी आली आणि पत्र पाठवायच्या दिवशी तिचा फोन आला की तिला आठवड्यातून तीन दिवस घरून काम हवे आहे आणि उरलेल्या दिवशी अकराची वेळ हवी आहे. आम्ही निवड रद्द केली. घर लांब घेतले हा तिचा निर्णय होता. माझे स्पष्ट मत आहे की आधी रुजू व्हा, सहा महिने काम दाखवा आणि मगच सवलती मागा. कोणाचे मत वेगळे असेल तर मांडावे.

चौथी सीट

माझे मत वेगळे आहे आणि ते सविस्तर मांडल्याशिवाय मला राहवत नाही. अकरा वर्षे मी एचआरमध्ये नेमणूकपत्रे तयार करण्याच्या टेबलावर काढली आहेत, त्यामुळे ‘सहा महिन्यांनी मागा’ या सल्ल्याचे पुढे काय होते ते मी जवळून पाहिले आहे.

सहा महिन्यांनी माणूस प्रोबेशनच्या शेवटाला आलेला असतो. आधीची नोकरी सुटलेली असते आणि नवी शोधायची तर पुन्हा नोटीस पिरियडची साठ-नव्वद दिवसांची अडचण समोर असते. ज्या मॅनेजरने त्याला घेतले, त्याची रिकाम्या जागेची निकड संपलेली असते. शिवाय ऑफरच्या वेळी जी मागणी दोन माणसांत राहिली असती, तीच आता साऱ्या टीमसमोर जाते. एकाला दिले तर दहा जण मागतील, हे उत्तर मी स्वतः कितीतरी वेळा टंकले आहे. उलट निवड झाल्यानंतर आणि पत्रावर सही होण्यापूर्वीचे जे चार-सहा दिवस असतात, तेवढ्या काळातच उमेदवाराच्या शब्दाला वजन असते. दोन-तीन महिने जागा रिकामी ठेवून बसलेल्या मॅनेजरला तेव्हा विषय मिटवायचा असतो.

माझे स्वतःचे उदाहरण देते. मी अंबरनाथला राहते. 2022 साली मला लोअर परळच्याच एका कंपनीची ऑफर होती आणि टीमचे निम्मे लोक लंडनला होते. घरापासून कार्यालयाच्या दारापर्यंत मला पावणेदोन तास लागतात. दादरला फास्ट सोडायची, पूल चढून स्लो पकडायची, करी रोडला उतरायचे आणि पुढे चालायचे. साडेनऊची हजेरी गाठायची तर पावणेआठच्या आसपासची गाडी हवी आणि त्या गाडीला माझ्या स्थानकावर दारात पाय ठेवायला जागा मिळणे हाच रोजचा झगडा असतो.

पण यातले एक अक्षरही मी मॅनेजरला सांगितले नाही. मी त्यांना विचारले की लंडनशी तुमचे बोलणे दिवसाच्या कोणत्या वेळात चालते. ते म्हणाले, दुपारी दोन ते सात. उन्हाळ्यात लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड. म्हणजे साडेनऊला हजर राहून पहिले चार तास मी ज्यांच्याशी बोलू शकत नव्हते, त्यांच्यासाठीच माझी नेमणूक होती. मी म्हटले की मग मला अकरा ते आठ ही वेळ द्या आणि मंगळवार, गुरुवार घरून काम द्या, कारण त्या दोन दिवशी तुमच्याकडे समोरासमोरच्या बैठका नाहीत. दहा मिनिटांत ते तयार झाले.

खरी अडचण त्यानंतर आली आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. एचआरच्या मुलीने फोनवर सांगितले की मॅनेजर तयार आहेत, मग प्रश्नच नाही. पत्र आले तेव्हा त्यात दोन कलमे होती. पहिले असे की कामाचे ठिकाण, वेळ आणि पाळी गरजेनुसार बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राहील. दुसरे असे की हे पत्र म्हणजेच संपूर्ण करार असून यापूर्वीचे सर्व तोंडी आणि लेखी बोलणे यामुळे रद्द होते. ही दोन कलमे एकत्र वाचली की मॅनेजरने दिलेला शब्द पत्राच्या तारखेलाच संपतो. मी त्या वेळी राजीनामा दिलेला नव्हता, म्हणून मला थांबता आले. साचा विधी विभागाचा आहे आणि बदलणार नाही, असे उत्तर आले. मी साचा बदलायला सांगितलेच नाही, अर्ध्या पानाचे जोडपत्र मागितले. त्यात चार वाक्ये होती: कार्यालयाचे दिवस सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, कामाची वेळ अकरा ते आठ, यात बदल करायचा झाल्यास साठ दिवसांची लेखी सूचना, आणि पत्रातील कलमे व जोडपत्र यांत विरोध आल्यास जोडपत्र ग्राह्य. त्याला चार दिवस लागले. जोडपत्र सहीनिशी हातात आल्यावर मी राजीनामा दिला.

तरीही माझी एक चूक झालीच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळे तासभर मागे गेली आणि आमचा संध्याकाळी सातचा रोजचा कॉल आठला सरकला. माझी वेळ आठला संपत होती. काही आठवडे मी कार्यालयातून साडेआठला निघून साडेदहाला घरी पोचत होते. शेवटी हिवाळ्यासाठी वेगळी वेळ ठरली: कार्यालयाच्या दिवशी दहा ते साडेपाच आणि आठचा कॉल घरून. हे मी पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला हवे होते.

भरतीप्रमुख, तुमचे एक म्हणणे मात्र मला मान्य आहे. पगाराची मंजुरी आल्यानंतर नवी मागणी पुढे करणे चुकीचे होते. जे काही मागायचे ते आकड्याबरोबर, एकाच बोलण्यात मागायला हवे. पण त्या चुकीची शिक्षा निवड रद्द करणे ही नव्हती. ‘तीन दिवस शक्य नाहीत, दोन चालतील का’ एवढा एक फोन तुम्ही करू शकला असता.

रोस्टरवाला

ताईंचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. टेबलावर बसून पत्रे लिहिणाऱ्याला एक टीम दिसते आणि रात्री पावणेतीनला गैरहजर माणसाची जागा भरणाऱ्याला दुसरी दिसते.

माझ्याकडे चोवीस तास चालणाऱ्या सपोर्टचे चौदा लोक आहेत. प्रत्येकाचे आठवड्याला पाच दिवस म्हणजे एकूण सत्तर पाळ्या होतात. दिवसाच्या तीन पाळ्या आणि प्रत्येक पाळीत तीन माणसे, म्हणजे आठवड्याला त्रेसष्ट पाळ्या भराव्याच लागतात. उरल्या सात. त्यातच साऱ्यांच्या रजा, आजारपण आणि गणपती बसवायचे. आता रात्रीचा हिशेब पाहा. आठवड्याच्या एकवीस रात्री चौदा जणांत वाटल्या तर महिन्याला प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहा येतात. तीन नव्या लोकांनी ऑफरच्या वेळी ‘फक्त सकाळची पाळी’ असे लिहून घेतले, तर त्याच एकवीस रात्री अकरा जणांवर पडतात आणि प्रत्येकाच्या आठच्या वर जातात. ते अकरा जण माझे जुने, गुणी लोक आहेत. त्यांच्या जोडपत्रात काहीच नाही, कारण त्यांनी कधी मागितले नाही. नव्याला दिलेली प्रत्येक सवलत जुन्याच्या झोपेतून जाते आणि हे ऑफर देणाऱ्या कोणालाही दिसत नाही.

कायदेप्रेमी

एवढ्या वाटाघाटींची गरजच काय? 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्रियांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम देता येत नाही. स्त्री उमेदवाराने ऑफरच्या वेळी काही मागू नये, रुजू व्हावे आणि रात्रपाळी लागली की कायदा दाखवावा. आणि ताई, मॅनेजरचा मेल हा लेखी पुरावाच असतो. जोडपत्राचा अट्टहास अनावश्यक आहे.

चौथी सीट

कायदेप्रेमी, तुम्ही वेळ बरोबर सांगितलीत, पण वाक्य अर्धेच सांगितलेत. त्या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीने काम देता येते. मग तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था मालकाला करावी लागते. संमती कुठे घेतली जाते हे मी सांगते. रुजू होण्याच्या दिवशी भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज, विम्याचा अर्ज, ओळखपत्राचा अर्ज असा जो वीस कागदांचा गठ्ठा पुढे येतो, त्यात तो एक कागद असतो. सकाळी अकरा वाजता, मागे आणखी सहा जण उभे असताना, मुली तो न वाचता सही करतात. रात्रपाळी नको असेल तर तो कागद ऑफरबरोबर आधी मागवून वाचावा आणि सही करायची नसेल तर तेव्हाच सांगावे. शिवाय व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावर घेतले असेल, तर या कायद्याचा आधार मिळेल असे धरून चालू नये.

मेलविषयी तेच सांगते. तो मेल पत्राच्या आधीचा असेल आणि पत्रात संपूर्ण कराराचे कलम असेल, तर त्याचा उपयोग मॅनेजरला लाज वाटावी एवढाच होतो. पत्रानंतर आलेला आणि पत्राचा उल्लेख करणारा एचआरचा मेल असेल तर गोष्ट वेगळी आहे.

रोस्टरवाल्यांचा हिशेब मात्र मला खोडता येत नाही. माझे उदाहरण दिवसाच्या कामाचे होते, हे मी मान्य करते.

परिचारिका

मी उत्तर उपनगरातल्या एका खासगी रुग्णालयात काम करते. इथे घरून कामाचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे धागा माझ्यासाठी नाही असे आधी वाटले. पण रात्रीचा विषय निघाला म्हणून लिहिते.

रुजू होताना माझा मुलगा दोन वर्षांचा होता. मी मेट्रनना म्हटले की वर्षभर मला नाइट देऊ नका. त्या हो म्हणाल्या आणि पाच महिने त्यांनी शब्द पाळला. मग त्या नोकरी सोडून गेल्या. नव्या मेट्रननी पहिल्याच महिन्यात मला सहा नाइट लावल्या, त्यातल्या दोन एका दिवसाच्या अंतराने होत्या. मी आधीच्या बोलण्याची आठवण करून दिली तर त्यांनी माझी फाइल माझ्यासमोर उघडली. फाइलमध्ये काहीच नव्हते. वॉर्डमधल्या बाकीच्या मुलींनीही माझी बाजू घेतली नाही, कारण माझ्या पाच महिन्यांच्या नाइट त्यांनीच केल्या होत्या. रोस्टरवाले दादा, ते मला तोपर्यंत कळलेच नव्हते.

त्यानंतर दुसऱ्या रुग्णालयात जाताना मी नाइट नको असे म्हटलेच नाही. मी म्हटले की महिन्यात सहापेक्षा जास्त नकोत, त्या सलग तीन-तीनच्या जोडीने द्या, नंतरचा ऑफ कापू नका आणि पुढच्या महिन्याचे ड्युटी-पत्रक आदल्या महिन्याच्या 25 तारखेला लावा. सासूबाईंना गावाहून बोलवायचे तर मला तारीख आधी कळायला हवी. मेट्रननी हे चारही मुद्दे तिथल्या तिथे लिहून दिले. त्या म्हणाल्या की नाइटला नकार न देता तारखा मागणारी तू पहिलीच आहेस.

रोस्टरवाला

हे मी देऊ शकतो. सहा रात्री, सलग आणि तारखा आधी, यात इतर कोणाच्या वाट्याला जास्त काही येत नाही, फक्त मला पत्रक आठ दिवस आधी पक्के करावे लागेल. ते माझे काम आहे आणि मी ते करत नाही, हेही खरे.

आणखी एक गोष्ट मनाविरुद्ध कबूल करतो. मला सर्वांत जास्त त्रास ऑफरच्या वेळी मागणाऱ्यांनी दिलेला नाही. एक मुलगा मुलाखतीत ‘कोणतीही पाळी चालेल’ म्हणाला आणि रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी रात्री जागता येत नसल्याचे डॉक्टरांचे पत्र घेऊन आला. त्याने ते आधी सांगितले असते तर मी त्याला दिवसाच्या दुसऱ्या टीमकडे पाठवले असते. तेव्हा मागायचे असेल तर आधीच मागा, एवढ्यापुरता मी ताईंच्या बाजूचा आहे.

जुना गिरगावकर

मूळ लेखनातले एक वाक्य सगळ्यांनी गिळले, मला ते गिळता येत नाही. ‘घर लांब घेतले हा तिचा निर्णय होता.’

भरतीप्रमुख, तुमचे कार्यालय ज्या परिसरात आहे तिथल्या एका गिरणीत माझे सासरे साचेखात्यात होते. 1982 च्या संपानंतर ती गिरणी पुन्हा नीट उभी राहिलीच नाही. आम्ही गिरगावात पागडीच्या खोलीत नऊ माणसे राहत होतो. भावांची लग्ने झाली तशी खोली पुरेनाशी झाली, हिस्से झाले आणि माझ्या हिश्श्याच्या पैशांत दादरला काय, ठाण्यालाही काही मिळत नव्हते. बदलापूरला मिळाले. आज माझी मुलगी पहाटे पाचला उठते आणि ज्या गल्लीतून तिचे आजोबा भोंगा झाल्यावर पाच मिनिटांत गिरणीत पोचत, त्या गल्लीतल्या काचेच्या इमारतीत दोन तास प्रवास करून पोचते. हा तिचा निर्णय होता का, याचे उत्तर तुम्ही द्या.

भरतीप्रमुख

काका, तुमच्या कुटुंबाविषयी मला आदर आहे, पण गिरण्या मी बंद केल्या नाहीत. माझ्या टीममध्ये विरारहून येणारे आहेत, पनवेलहून येणारे आहेत आणि ते साडेनऊला हजर असतात. प्रत्येकाच्या घराच्या इतिहासाचा विचार करून मी वेळा ठरवू लागलो तर कार्यालय चालवता येणार नाही. अंतर हा उमेदवाराचा प्रश्न आहे. अर्ज करताना पत्ता तिला माहीत होता.

विरारची

विरारहून येणारे साडेनऊला हजर असतात, हे तुम्ही अभिमानाने लिहिलेत म्हणून बोलते. मी त्यांतलीच एक आहे, तुमच्याकडे नसले तरी दुसरीकडे. साडेनऊला हजर असणारी बाई साडेनऊला कामाला लागत नाही. बसायला मिळावे म्हणून ती घरून बरीच आधी निघालेली असते, तिचा डबा पिशवीत सांडलेला असतो आणि पहिली वीस मिनिटे ती प्रसाधनगृहात केस नीट करत असते. आमच्याकडे साडेदहाची वेळ झाल्यापासून मी दहा पंचविसाला पोचते आणि दहा तिसाला पहिली फाइल उघडते. तुम्ही हजेरी मोजता, काम मोजत नाही.

भरतीप्रमुख

हे वैयक्तिक होत चालले आहे. मी कोणाच्या डब्याची चेष्टा केलेली नाही. मला पत्र देण्याच्या दिवशी अडवले गेले, एवढाच माझा मुद्दा होता.

जुना गिरगावकर

अडवले म्हणता? साहेब, एका मुलीने एक प्रश्न विचारला आणि तुम्ही तिची नोकरी काढून घेतलीत. अडवले कोणी कोणाला?

चौथी सीट

काका, तुमचा राग मला समजतो. माझ्या आईचे माहेर लालबागचे आहे आणि हीच गोष्ट मी लहानपणापासून ऐकली आहे. तरीही वाटाघाटीत हा मुद्दा काढू नये असेच मी तुमच्या मुलीला सांगेन, कारण समोरच्याला त्यावर फक्त दोन उत्तरे देता येतात: ‘वाईट वाटले’ किंवा ‘तो तुमचा प्रश्न’. दोन्हींतून हाती काही लागत नाही. अंतर खरे आहे, अन्यायही खरा आहे, पण ज्याच्याकडे सही आहे त्याला त्याच्या कामाचा फायदा दिसावा लागतो. विरारच्या ताईंनी दहा तिसाला उघडलेली फाइल हा तसा मुद्दा आहे.

विरारची

इथे मी सहमत नाही. कारण लपवायचे कशाला? माझ्या मुलीची शाळा सव्वाआठला भरते, हे मी ऑफरच्या वेळी सरळ सांगितले आणि मॅनेजरना तेच पटले. कारण सांगितले नाही तर माणूस आळशी आहे असे वाटते.

चौथी सीट

तुम्हाला चांगला मॅनेजर मिळाला याचा आनंद आहे. मी मात्र उमेदवाराच्या नावापुढे ‘लहान मूल’ अशी पेन्सिलने केलेली नोंद पाहिली आहे आणि त्या जागी पुढे कोण आले तेही पाहिले आहे. या मुद्द्यावर आपले एकमत होईल असे मला वाटत नाही.

पगार सोडलेला

माझी गोष्ट कोणाच्या उपयोगी पडावी म्हणून लिहितो. ऐरोलीच्या कंपनीने मला साडेअकरा लाख देऊ केले होते. मी तीन दिवस घरून काम मागितले तेव्हा रिक्रूटर म्हणाली की दिवस मिळतील, पण मग आकडा साडेदहा होईल. मी डोंबिवलीचा आहे, ठाण्याला गाडी बदलून जायचा कंटाळा होता आणि महिन्याचे आठ-साडेआठ हजार प्रवासात आणि बाहेरच्या खाण्यात जातातच, असा हिशेब करून मी होकार दिला. पत्रात लिहिले होते की घरून कामाचे दिवस ‘कंपनीच्या प्रचलित धोरणानुसार’ राहतील. आठ महिन्यांनी धोरण बदलले आणि सगळ्यांना पाचही दिवस बोलावले. दिवस गेले. लाख रुपये परत आले नाहीत. पुढची वाढ साडेदहावरच झाली आणि पुढच्या कंपनीने पगारपत्रके मागितली तेव्हा वाढीचा टक्काही त्याच आकड्यावर लावला.

चौथी सीट

मी कधीच पगार कमी करून दिवस घेऊ नयेत असे सांगते ते याचसाठी. पगारातली कपात कायमची असते आणि दिवस काढून घेता येतात, त्यामुळे या दोन गोष्टींचा सौदा बरोबरीचा होत नाही. काही सोडायचेच असेल तर तशीच परत येऊ शकणारी गोष्ट सोडावी: रुजू होण्याची तारीख आठवडाभर अलीकडे घ्यावी किंवा महिनाअखेरीचे दिवस कार्यालयात येण्याची तयारी दाखवावी. आणि ‘धोरणानुसार’ हा शब्द पत्रात दिसला की थांबावे. आज धोरणात दोन दिवस असतील, उद्या एकही नसेल आणि पत्र मात्र दोन्ही वेळा खरे ठरेल.

माझ्या जोडपत्राचेही पुढे काय झाले ते सांगणे योग्य होईल. चौदा महिन्यांनी मॅनेजर बदलले आणि नव्यांना सगळे रोज समोर हवे होते. त्यांनी साठ दिवसांची सूचना दिली, जी त्यांना द्यावीच लागली. त्या साठ दिवसांत बोलणी झाली आणि माझा मंगळवार गेला, गुरुवार राहिला. जोडपत्राने मला दोन दिवस कायमचे दिले नाहीत. मला साठ दिवस आणि बोलायला जागा दिली.

भरतीप्रमुख

साठ दिवसांच्या सूचनेचा भाग मला पटतो. आमच्या साच्यात तसे काही नाही आणि मॅनेजर बदलला की वाद आमच्याकडेच येतात. तीन दिवसांची मागणी मी आजही मान्य केली नसती, कारण त्या कामात कागदपत्रे कार्यालयाबाहेर नेता येत नाहीत. पण अकराच्या वेळेबद्दल तिला विचारायला हवे होते, हे मान्य करतो. तिने दुसरीकडे होकार दिला आहे, त्यामुळे आता त्याचा उपयोग नाही.

मला एवढेच सांगायचे आहे की पहिल्या फोनवर आम्ही अपेक्षित पगार विचारतो, तेव्हा ‘वेळ आणि दिवसांविषयीही बोलायचे आहे’ असे उमेदवाराने तेव्हाच म्हणावे. मग मंजुरीच्या अर्जात मी ते लिहू शकतो. नंतर आले की फाइल पुन्हा तळापासून वर न्यावी लागते.

चौथी सीट

पहिल्या फोनवर नको. तेव्हा तुमच्यासमोर वीस नावे असतात आणि काट मारायला कोणतेही कारण पुरते. शेवटच्या मुलाखतीनंतर तुम्ही आकडा विचारायला फोन करता, ती वेळ योग्य आहे.

भरतीप्रमुख

काट मारतो, हे नाकारत नाही. शेवटच्या मुलाखतीनंतर चालेल.

नवी सही

मी इथे पहिल्यांदाच लिहीत आहे. माझ्याकडे सध्या एक पत्र आहे आणि सोमवारपर्यंत सही करायची आहे. मॅनेजरांनी मेलमध्ये ‘आठवड्यातून दोन दिवस घरून, साधारणपणे’ असे लिहिले आहे. पत्रात ताईंनी सांगितलेली दोन्ही कलमे आहेत. मी राजीनामा दिलेला नाही. रविवार मध्ये आहे, जोडपत्र मागायला उशीर झाला का? आणि मागितले तर ते पत्र मागे घेतील का, याची भीती वाटते, कारण मूळ लेखनात तेच घडले आहे.

चौथी सीट

उशीर झालेला नाही. तुमची गोष्ट त्या मुलीसारखी नाही, कारण तुम्ही नवीन काही मागत नाही, त्यांनीच देऊ केलेले लिहून मागता. आजच एचआरला मेल करा आणि मॅनेजरांना प्रत ठेवा. आशय असा असावा: ‘पत्र मिळाले, मी रुजू होण्यास उत्सुक आहे. मॅनेजरांनी अमुक तारखेच्या मेलमध्ये सांगितलेले घरून कामाचे दोन दिवस पत्रात आलेले नाहीत. ते जोडपत्रात, बदलासाठीच्या सूचनेच्या मुदतीसह, नोंदवून मिळावेत. मिळताच मी त्याच दिवशी सही करून पाठवीन.’ ‘साधारणपणे’ हा शब्द तुमच्या मेलमध्ये येऊ देऊ नका, वारांची नावे लिहा. सोमवारी उत्तर आले नाही तर दोन दिवसांची मुदत मागा, आणि उत्तर हातात येईपर्यंत राजीनाम्याचा मेल पाठवू नका.

रोस्टरवाला

आणि तुमच्या टीममध्ये आधीच्यांना किती दिवस आहेत ते विचारून घ्या. त्यांना एक असेल आणि तुम्हाला दोन, तर पहिल्या महिन्यातच कळेल.

नवी सही

विचारले. त्यांनाही दोनच आहेत, मंगळवार आणि शुक्रवार. मेल आत्ता, साडेचारला पाठवला आहे. सही केलेली नाही.